काळी मेहंदी, नीळ की अमोनिया फ्री? (आणि मध्येच आलेली कढई)

सायली_ठाणे: वय 29. कानशिलांवर आणि भांगात पांढरे दिसायला लागलेत. केमिकल नको म्हणून हर्बल काळी मेहंदी आणलीय, अर्ध्या तासात काळे होतात म्हणे. नॅचरल असल्यामुळे टेस्टबिस्टची भानगड नाही. नाहीतर अमोनिया फ्री, त्यातही केमिकल नसतंच. साधी मेहंदी लाल होते म्हणून नको. घरीच लावायचंय, कुणी वापरलंय का?

हिरडा_बेहडा: "नॅचरल आहे म्हणून टेस्ट नको" वाचून डोकं फिरलं, त्यामुळे लांबलचक लिहितेय. मी नैसर्गिक रंगांनी कापड रंगवते, नीळ आणि मेहंदी रोजच्या हाताखालच्या. मेहंदीच्या पानातला रंग केशरी-तांबडा असतो, त्यातून काळा निघतच नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो. अर्ध्या तासात पांढरा केस काळा झाला की समजायचं आत डाय आहे. पाकीट उलटं कर आणि मागची बारीक अक्षरं वाच, पी-फेनिलीनडायअमाइन किंवा नुसतं पीपीडी लिहिलेलं सापडेल.

आता अमोनिया फ्री. अमोनियाचं काम केसाचं वरचं आवरण फुगवून रंग आत सोडायचं. तो काढला तर ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं ना, म्हणून बहुतेक वेळा मोनोइथेनॉलअमाइन घालतात. त्याचा वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, एवढाच फायदा. पेरॉक्साइड आहे तिथेच, पीपीडी किंवा त्याचा भाऊबंद टोल्युइनडायअमाइनही तिथेच. आणि कानामागे खाज, पापण्या सुजणं वगैरे जी अ‍ॅलर्जी होते ती बहुतेकदा या पीपीडीवाल्या मंडळींमुळे, अमोनियामुळे नाही. म्हणजे तू ज्याला घाबरतेस ते काढलंय आणि ज्याला घाबरायला हवं ते ठेवलंय. वापरायचं तर वापर, पण कोपराच्या आत थोडंसं लावून 48 तास थांब. लगेच काही झालं नाही म्हणजे सुटलो असं नसतं, ही अ‍ॅलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते.

काळाच हवाय आणि डाय नकोय तर मेहंदी आणि मग नीळ. खांद्यापर्यंतच्या केसांना 100 ग्रॅम निव्वळ मेहंदी कोमट पाण्यात थोडं लिंबू पिळून रात्री भिजव, सकाळी पृष्ठभाग तपकिरी दिसला की लाव, दोन-तीन तास ठेव, नुसत्या पाण्याने धू. केस गाजरासारखे होतील, घाबरू नकोस, तो अस्तर आहे. मग 100 ग्रॅम निळीच्या पानांची हिरवी पावडर (कपड्यांची नीळ नव्हे!!) कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालव. यात लिंबू, दही, चहा काही नाही. दहा-पंधरा मिनिटांत वर निळसर साय आली की पटापट लाव, तशीच राहिली तर जोर जातो. तास-दीड तासाने धू. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसते, हवा लागून एक-दोन दिवसांत काळे होतात, तोवर शाम्पू नाही. पुढच्या वेळी फक्त मुळांना.

बुलेटवाला_सांगली: ताई मान्य, पण एवढा वेळ रविवारी डोक्याला प्लास्टिक बांधून कोण बसणार, घरी पाहुणे आले तर दार उघडायचं की नाही? मी वर्षानुवर्षं दाढीला आणि डोक्याला अमोनिया फ्री लावतो, अर्ध्या तासात मोकळा. आजपर्यंत एक पुरळ नाही. पीपीडी पीपीडी करून लोकांना उगाच घाबरवता.

गवती_चहा: दादा, माझी बहीणही असंच म्हणायची. लहानपणी जत्रेत हातावर काळ्या मेहंदीचं नक्षीकाम काढलेलं, तेव्हा थोडी खाज आली, विसरलो सगळे. नंतर डाय लावायला लागली, बरेच दिवस काही नाही, आणि चुलतभावाच्या लग्नाच्या आदल्या रात्री लावला तर हळदीपर्यंत डोळे उघडेनात. फोटोत गॉगल घालून बसलीय. स्किनवाल्यांनी पाठीवर पट्ट्या लावून टेस्ट केली, पीपीडीच निघालं, आता जन्मभर बंद. आत्तापर्यंत चाललं म्हणजे पुढेही चालेल असं नसतं हो.

बुलेटवाला_सांगली: बरं बरं, 48 तास थांबतो. बायकोला सांगतो दाढीचं मुहूर्त काढलंय.

माई_कराड: तुम्हा पोरींना पाकिटाशिवाय काही सुचत नाही. आमच्याकडे लोखंडी कढईत मेहंदी, आवळकाठी आणि चहाचं पाणी रात्रभर भिजायचं, सकाळी काळंकुट्ट. माझ्या सासूबाईंचे केस शेवटपर्यंत काळेभोर. नीळ कुठली आणि काय कुठली.

हिरडा_बेहडा: माई, कढईत काळं होतं ते खरंय, पण ते आवळा आणि चहाच्या तुरटपणावर लोखंड चढून होतं. आम्ही कापडावर काळा असाच आणतो, आधी हिरडा मग लोखंडाचं पाणी. केसावर मात्र तो बराचसा वरवर बसतो. पांढऱ्या केसावर मळकट तपकिरी येतो आणि धुण्यांत उतरतो. शिवाय लोखंडाने कापडसुद्धा कालांतराने ठिसूळ होतं.

माई_कराड: केस म्हणजे कापड नव्हे बाई. म्हणजे आमच्या सासूबाई मळकट का?

हिरडा_बेहडा: असं कुठे म्हटलं मी! त्यांचे मुळात किती पांढरे होते ते सांगा ना. काळ्या केसांत चार पांढरे असतील तर कुठलीही मेहंदी खपून जाते.

माई_कराड: मोजले नव्हते. सासूचे केस मोजायची आमच्या काळी पद्धत नव्हती.

विदर्भ_एक्सप्रेस: कढईवाल्यांना एक सांगतो, आमच्या मावशीने ती कढई-मेहंदी लावून आठवड्याने पार्लरमध्ये हायलाइट करायला सांगितले, तिथल्या मुलीने विचारलंही नाही. केस गरम लागायला लागले आणि रबरासारखे ताणले जायला लागले. धातू आणि पेरॉक्साइड एकत्र आलं की असं होऊ शकतं. वर पार्लरवाले म्हणे तुमचेच केस खराब.

माई_कराड: पार्लरमध्ये गेलीच कशाला?

डबल_शिफ्ट: मूळ प्रश्न बाजूलाच. 29 ला पांढरे म्हणजे आधी बी12 आणि थायरॉइड तपासा, रंग कसले लावताय.

हिरडा_बेहडा: तपासू दे की, पण रिपोर्ट येईपर्यंत भांग तसाच दिसणार ना. आणि तिने रंग विचारलाय.

सायली_ठाणे: पाकीट पाहिलं. पीपीडी आहे 😐 आणि वर "100% हर्बल" पण आहे. पण गेल्या महिन्यात एकदा लावून झालंय. त्यावर आता मेहंदी-नीळ चालेल का? की वाढून कापले जाईपर्यंत थांबू?

हिरडा_बेहडा: थांबायची गरज नाही, निव्वळ पावडरी असतील तर वरून चालतात. कंगव्यात आलेल्या केसांचा गुंता जमव, त्यात दोन-चार पांढरे हवेत, आणि दोन्ही लेप त्याच्यावर लावून बघ, दोन दिवसांनी उन्हात रंग पाहा. निळीचीही एखाद्याला खाज येते, तेव्हा कोपर टेस्ट इथेही कर. कानशिलावरचे केस राठ असतात, रंग घ्यायला कुरकुरतात, लेप तिथूनच सुरू कर म्हणजे जास्त वेळ मिळेल. आणि महिन्याभरात साधारण सेंटीमीटरभर मूळ दिसणारच, ते कशानेही टळत नाही.

बुलेटवाला_सांगली: आणि दाढीला नीळ?

हिरडा_बेहडा: कडेला आधी व्हॅसलीन लावा, नाहीतर गाल निळे घेऊन सोमवारी ऑफिसला जाल.

माई_कराड: कढईत भिजवली असती तर ही वेळ आली नसती.