मदत हवी आहे: अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी केलेली सही

माझ्या भाच्याचा जन्म १४ जून २००६ चा, रात्री आठचा. त्याने ॲनिमेशनच्या क्लासच्या करारावर १३ जून २०२४ ला सही केली, म्हणजे अठरा पूर्ण व्हायच्या एक दिवस आधी. फी ९०,००० रुपये, हप्त्यांनी. ताईची किंवा दाजींची सही नाही. वय लपवलेलं नाही, फॉर्मला आधार कार्ड जोडलंय.

जन्मवेळेचा प्रश्न नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो, त्यामुळे १४ तारखेला सकाळी सही केली असती तरी ती धरली गेली असती. अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून पक्कं आहे. नंतर नुसती मंजुरी देऊन तो जिवंत होत नाही, हेही वाचलं.

गुंता पुढे आहे. जुलैत क्लासने त्याच्याकडून ‘जुना करार मान्य आहे’ असं पत्र घेतलं, आणि तो ऑगस्टपर्यंत वर्गात बसला. दोन हप्ते भरलेत, आता सोडायचंय. क्लासशी बोललो, ते पूर्ण फी मागतात.

जुलैनंतरची शिकवणी हा नवा मोबदला धरून ते पत्र स्वतंत्र करार ठरेल का? आणि असं शिक्षण भारतीय करार कायद्याच्या कलम ६८ मधल्या ‘जीवनावश्यक गोष्टीं’त मोडतं का?