प्रतिसाद: ईएसबीएल आलं तरी गोळीवर भागतं का?

> "लघवीच्या कल्चरमध्ये ईएसबीएल ई. कोलाय आलाय, ताप नाही, फक्त लघवीला जळजळ. आता इंजेक्शनच का?"

नाही, ताप-कंबरदुखी नसेल, गरोदर नसाल आणि किडनी नीट असेल तर बहुतेकदा गोळीवर भागतं. ईएसबीएल हे जंतूने बनवलेलं एन्झाइम सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक्स तोडतं, नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि फॉस्फोमायसिन या गोळी-पावडरच्या औषधांना ते हात लावत नाही. रिपोर्टमध्ये सेन्सिटिव्ह असेल तर मी नायट्रोच निवडेन, १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा ५ दिवस, कारण २०१८ च्या ट्रायलमध्ये फॉस्फोमायसिनच्या ३ ग्रॅमच्या एका डोसपेक्षा नायट्रोने जास्त जणी बऱ्या झाल्या होत्या (तिथे डोस दिवसातून तीनदा होता). पण जंतू क्लेबसिएला असता तर दोन्हीवर भरवसा कमी, प्रोटियसवर तर नायट्रो चालतच नाही. म्हणून कल्चर येण्याआधी औषध सुरू करताना आपल्या भागात कुठला जंतू कशाला दाद देतो ते डॉक्टरांना माहीत असायलाच हवं, कोट्रायमॉक्साझोल तर रेझिस्टन्स २० टक्क्यांवर गेला की अंदाजाने देतच नाहीत.