मदत हवी आहे: खापराच्या फोटोखाली काय लिहू?

मंडळी, गिरणाकाठच्या बहाळच्या ताम्रपाषाणयुगीन खापराचा फोटो शाळेत लावतोय. पाचवीच्या पोरांसाठी खाली पाटी हवी. मसुदा असा: ‘आतल्या बारीक समांतर रेषा बघा. चाक फिरताना कुंभाराची बोटं इथून गेली. लाल अंगावरचे काळे पट्टे भाजण्याआधी रंगवलेत.’

इथवर ठीक. पण बाहेरून खाली काळा डाग आहे. ‘यात रोज कालवण शिजायचं’ असं लिहायचा मोह होतोय. मात्र तोच काळेपणा तुटलेल्या कडेवरही चढलाय. नुसती चुलीची काजळी असती तर कड स्वच्छ राहिली असती ना? म्हणजे डाग फुटल्यानंतरचा असू शकतो. मग ‘स्वयंपाकाचं भांडं’ म्हणू, की डागाचं कोडं पोरांनाच घालू? सोपं वाक्य सुचवा. भरिताची वांगी माझ्याकडून!