जॅकवेल अजून खोदायची की भोवरा मोडायचा?

केळीचा_घड: यावल तालुक्यात तापीकाठी आम्हा सहा शेतकऱ्यांची सामायिक गोल जॅकवेल, म्हणजे पंपाने उपसायची विहीर आहे. नदीचं पाणी बारा इंची पाइपाने येतं. वर सेकंदाला ४० लिटरचा पंप, सक्शन म्हणजे ओढायचा पाइप सहा इंची, त्याच्या तोंडाला फुटव्हॉल, म्हणजे पाणी मागे न सोडणारी झडप. मार्च लागला की फुटव्हॉलवर दोनच फूट पाणी उरतं, भोवरा फिरतो, पंप खडे चावल्यासारखा वाजतो, अँपमीटरचा काटा नाचतो. भावकी म्हणते चार फूट अजून खोदा. खोदावं का?

चोपड्याचा_भाचा: खोदा भो, डोळे झाकून. पाणी जास्त तर भोवरा नाही. फक्त पाइप फार खाली नेऊ नका, पंपाला तेवढं जास्त ओढावं लागतं.

जुना_पंपवाला: भाचे, निम्मं बरोबर. ओढ मोजायची ती पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंत. पाइपाचं तोंड खाली गेलं तरी पातळी तिथेच, म्हणून ओढ वाढत नाही. जादा पाइपाचं घर्षण तेवढं किरकोळ. उलट तळ खोदला आणि तोंड जागेवरच ठेवलं, तर खर्च झाला आणि भोवरा आहे तसाच.

केळीवाले भाऊ, तुमचा फुटव्हॉल तळापासून किती वर आहे?

केळीचा_घड: अडीच फूट. गाळ ओढू नये म्हणून वडिलांनी ठेवलाय.

शहाद्याचा_मिस्त्री: काटा नाचतो म्हणजे पंपाच्या शाफ्टभोवतीची दोरीची ग्लँड हवा ओढतेय. आमच्याकडे दोरी बदलली, दुसऱ्या दिवशी पंप गप्प. भोवऱ्याचं खूळ सोडा.

जुना_पंपवाला: मिस्त्री, तेही होतं, आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की ग्लँडही जास्त ओढते, म्हणून ऋतूवरून ओळखता येत नाही. पंप चालू असताना सक्शनभोवती तीन-चार फुटी लाकडी फळी तरंगत सोडा. काटा थांबला तर हवा भोवऱ्यातून येते. नाही थांबला तर ग्लँडला ग्रीस लावून बघा.

आता हिशेब. तोंडावर किती पाणी हवं, यासाठी पंपवाले हे सूत्र धरतात:

S = D (1 + 2.3 V / √(gD))

D म्हणजे तोंडाचा व्यास, V म्हणजे तोंडातून जाणारा वेग, g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं ९.८१. सहा इंची तोंडातून ४० लिटर म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर, आणि पाणी हवं जवळपास ८० सेंटिमीटर. तुमच्याकडे ६० आहे. तोंड बारा इंची केलं तर वेग पाऊण मीटरच्याही खाली येतो आणि ५३ सेंटिमीटर पुरतं. व्यास वाढूनही खोली कमी लागते, कारण वेग पडतो. एक कुदळ न मारता.

चोपड्याचा_भाचा: पण बारा इंची बेल, म्हणजे घंटेसारखं पसरट तोंड लावलं तर फुटव्हॉल कुठे बसवणार? दरवेळी पाणी भरून प्रायमिंग करत बसायचं?

जुना_पंपवाला: बरोबर पकडलंत. सूत्र उघड्या बेलसाठी आहे, जाळीच्या फुटव्हॉलला ते अंदाजेच लागू पडतं. मोठा फुटव्हॉल रिड्यूसरने बसवता येतो, पण तो जड असतो, पाइपाला आधार लागेल. त्याआधी फुकटचा उपाय: तोंड खाली घ्या. नियमाने तळापासून बेलच्या व्यासाच्या निम्म्यापर्यंत अंतर पुरतं, म्हणजे बारा इंची बेललाही सहा इंच. गाळासाठी एक फूट ठेवलात तरी दीड फूट पाणी फुकट मिळालं.

तापी_प्रकाशे: हे सगळं शांत पाण्याचं गणित झालं. बारा इंची पाइप विहिरीत शिरतो कसा, मध्यावर रोखून की भिंतीलगत?

केळीचा_घड: भिंतीलगत. पाइप तिरका आलाय.

तापी_प्रकाशे: मग तुम्ही विहिरीला घुसळताय. थोडा भुसा टाका. सगळा भुसा एकाच दिशेने विहीरभर फिरला तर दोष शिरणाऱ्या पाण्याचा, आणि मीटरभर खोलीतही भोवरा जमेल. पाइपाजवळच खळगी पडून हालत राहिली, तर खोली कमी. पहिल्या दोषाला शिरणाऱ्या पाइपासमोर विटांची आडवी भिंत घाला, धार तिथे मोडेल. शिवाय सक्शन आणि विहिरीची भिंत यांच्यात उभी पत्र्याची फळी ठोका.

चोपड्याचा_भाचा: फळी कशाला? वर ड्रम तरंगवा, आमच्याकडे तेच केलंय.

तापी_प्रकाशे: ड्रमने वरचा भोवरा मोडतो, खालचं फिरणं राहतं. पंप पाणी फिरतंच घेतो. तळापाशी हवेशिवाय गरगरणारी दोरीही होते, ती ड्रमला दिसत नाही. तिला तोंडाखाली तळावर सिमेंटचा शंकू लागतो.

केळीचा_घड: काल लाकडी फळी तरंगत सोडली. काटा बराच थांबला, पूर्ण नाही. भुसा विहीरभर फिरला, घड्याळाच्या उलट. भावकीला सांगितलं, खोदणं थांबवा.

शहाद्याचा_मिस्त्री: पूर्ण थांबला नाही ना? ग्लँड.

जुना_पंपवाला: असू शकेल. ग्रीस लावा, मिस्त्रींचंही ऐका. पण तोंड खाली घेताना पावसाळ्यातला गाळ बघून घ्या, फूटभरात भरतो का ते तुम्हालाच ठाऊक.

केळीचा_घड: गेल्या वर्षी दीड फूट साचला होता. हीच अडचण आहे.