मदत हवी आहे: ‘एकतर १ किंवा २’ हा पर्याय नेमका कधी निवडायचा?

रिझनिंगच्या पेपरमधल्या विधान-निष्कर्षाच्या प्रश्नांत एका ठिकाणी अडकलोय. उदाहरण बघा.

विधाने: सर्व पेन वह्या आहेत. काही वह्या पिशव्या आहेत.
निष्कर्ष: १) काही पेन पिशव्या आहेत. २) एकही पेन पिशवी नाही.

पेनचं वर्तुळ वहीच्या पूर्ण आत काढलं. पिशवीचं वर्तुळ वहीला छेदतं, पण ते पेनला लागतं की नाही हे विधानांत कुठेच नाही. म्हणून दोन आकृत्या काढल्या. एकीत पिशवी पेनला छेदते, तिथे १ खरा आणि २ खोटा. दुसरीत ती पेनपासून लांब राहते, तिथे उलट. एकटा कुठलाच निष्कर्ष पक्का नाही, पण प्रत्येक आकृतीत दोघांपैकी एकच खरा ठरतो, म्हणून उत्तर ‘एकतर १ किंवा २’. इथपर्यंत पटलं.

आता दुसरा निष्कर्ष बदलून ‘काही पेन पिशव्या नाहीत’ असा दिला तर? पिशवी पेनला अर्धवट छेदते अशी आकृती काढली की दोन्ही निष्कर्ष एकदमच खरे होतात! दोन्ही एकदम खोटे मात्र कुठल्याच आकृतीत होत नाहीत. काही उत्तरसूचींत अशा जोडीलाही ‘एकतर-किंवा’ दिलेलं दिसतं, आणि तेच मला खटकतंय.

मग कसोटी कोणती धरायची? किमान एक खरा असला की पुरे, की दोन्ही एकदम खरे होता कामा नयेत? आकृतीसह कोणी समजावलं तर फार बरं होईल.