साबणाच्या वडीचा खरा खर्च किती आणि पन्नास टक्के नफा नेमका कशावर?

धागाकर्ती
मी हाताने साबण बनवून ऑनलाइन विकते. आकडे चलनाशिवाय देत आहे. साडेचार किलोच्या एका घाण्याला तेले, कॉस्टिक सोडा आणि सुगंध मिळून ९०० खर्च येतो. १०० ग्रॅमच्या ४५ वड्या धरल्या, तर वडीला २० पडतात. वेष्टनाचे ४ मिळवून खर्च २४ होतो. त्यावर पन्नास टक्के नफा धरून मी ३६ किंमत ठेवली आहे. मागणी चांगली आहे, पण खात्यात काहीच उरत नाही. चूक कुठे होत असावी?

जुना हिशेबनीस
पहिली चूक भागाकारात आहे. शीत पद्धतीचा साबण सुकायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्या काळात पाणी उडून वजन घटते. वेष्टनावर १०० ग्रॅम छापायचे असेल, तर ओली वडी साधारण ११५ ग्रॅमची कापावी लागते. म्हणजे ४५ नव्हे, ३९ वड्या निघतात. कडेचे तुकडे, एखादी तडकलेली वडी आणि तपासणीसाठी ठेवलेला नमुना वगळला, तर विकण्याजोग्या ३६ उरतात. ९०० ला ३६ ने भागल्यावर वडी २५ ला पडते आणि वेष्टनासह २९ ला. प्रत्येक घाण्यातल्या विकाऊ वड्या मोजून वहीत नोंदवा, कारण ही घट पाककृतीनुसार बदलते.

दुसरी चूक शब्दाची आहे. २४ वर १२ चढवणे ही खर्चावरची वाढ झाली. विक्रीच्या किमतीशी ताडून पाहिले, तर ३६ मधले १२ म्हणजे तेहतीस टक्केच. विक्री मंचाचा वाटा विक्रीच्या किमतीवर कापला जातो, म्हणून नफाही त्याच पायावर मोजावा.

घरगुती उद्योजक
हे मान्य आहे. पण आता कोणीतरी मजुरी मिळवायला सांगेल, त्याला माझा विरोध आहे. स्वतःच्या हाताला कोणी पैसे देत नाही. रोख बाहेर जात नसेल, तर तो खर्च कसला?

जुना हिशेबनीस
आजच्या रोख शिल्लकीपुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे, किंमत ठरवताना मात्र नाही. मिसळणे, कापणे आणि गुंडाळणे यांत एका घाण्यामागे चार तास जातात असे धरू. तासाला ९० प्रमाणे ३६० होतात, म्हणजे वडीला १०. खर्च ३९ झाला. विक्री वाढून मदतनीस ठेवण्याची वेळ आली, की ३६ ची वडी पहिल्याच दिवशी तोट्यात जाईल, आणि तेव्हा किंमत वाढवणे जुन्या ग्राहकांना पटवावे लागेल.

घरगुती उद्योजक
सुरुवातीला कमी किमतीनेच ग्राहक येतात. मी दोन वर्षे मजुरी न धरता विकले आणि टिकलो. माझे मत तेच आहे.

नवशिकी
खर्चच कमी करायचा असेल, तर खोबरेल काढून त्याच वजनाचे ऑलिव्ह तेल घालता येईल का? मला ते स्वस्त मिळते.

जुना हिशेबनीस
प्रश्न किमतीचा आहे, तरी हे सांगणे भाग आहे. तसे मुळीच करू नका. एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर ऑलिव्हला ०.१३५. सोड्याचे माप तेच ठेवले, तर जादा सोडा वडीत उरून त्वचा भाजेल.

क्रीमवाली
क्रीमचे गणित याहून कठीण आहे. वापरण्याची मुदत संपल्यावर पडून राहिलेल्या डब्या मला टाकाव्या लागल्या आणि त्यांचा खर्च विकलेल्या डब्यांवर बसला. साबणाचा सुगंधही कालांतराने उडतो, म्हणून जुना साठा पूर्ण किमतीचा समजू नये. पण माझी खरी शंका पाठवणीविषयी आहे. मोफत पाठवणीचे पैसे वडीच्या खर्चात धरायचे का?

जुना हिशेबनीस
नाही, कारण खोका आणि टपाल मागणीमागे लागतात, वडीमागे नाही. मागणीला ३० आणि मंचाचा वाटा पंधरा टक्के धरू. वडीची किंमत ७५ ठेवली, तर तीन वड्यांचे २२५ येतात. त्यातून वाटा ३३.७५, वड्यांचा खर्च ११७ आणि पाठवणी ३० वजा केल्यावर ४४.२५ उरतात, म्हणजे जवळपास वीस टक्के. तीच एक वडी पाठवली, तर ११.२५, ३९ आणि ३० वजा होऊन ५.२५ चा तोटा होतो. म्हणून मोफत पाठवणी तीन वड्यांपासून ठेवावी. वीस टक्के सूट दिली, तर तिन्ही वड्यांवर मिळून फक्त ६ उरतात, हे सणाची जाहिरात करण्याआधी कागदावर मांडून पाहा.

क्रीमवाली
दुकानदार निम्म्या किमतीत माल मागतो. ७५ चे निम्मे ३७.५०, म्हणजे ३९ च्याही खाली. मग ७५ हीदेखील चुकीचीच किंमत नाही का?

जुना हिशेबनीस
घाऊक विक्री करायची असेल, तर चुकीचीच. घाऊक मागणी मोठी असल्याने खोके आणि टपाल यांचा बोजा हलका होतो, तरी ३७.५० परवडत नाही. तिथे ९० च्या आसपास जावे लागेल.

घरगुती उद्योजक
९० ला ऑनलाइन कोण घेईल? त्यापेक्षा दुकानदाराला नकार द्यावा.

धागाकर्ती
माझ्या बहुतेक मागण्या एकाच वडीच्या आहेत, हे आत्ता पाहिले. घाऊक विक्रीचे अजून ठरत नाही. आधी मागच्या पाच घाण्यांतल्या विकलेल्या वड्या मोजते.