तुपात अ‍ॅसिड-साखर घातली, रंग गुलाबी आला. भेसळ धरायची का?

फोंड्याची_सून: चवथीच्या नेवऱ्यांसाठी बाजारातून सुटं तूप आणलं. लेकीने कॉलेजातून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणून परीक्षानळीत ५ मिली वितळलेलं तूप, तेवढंच अ‍ॅसिड आणि चिमूटभर साखर घालून हलवलं. खालचा थर मिनिटभरात गुलाबी झाला. दुकानदाराशी भांडायला जाऊ का?

माडाखालचा: गुलाबी म्हणजे डालडा, संपलं! आमच्या खोबरेल तेलालाही असाच रंग आला. फ्रिजमध्ये ठेवलं तर मस्त गोठलं, तरी घाण्यावाल्याने फसवलंच.

निवृत्त_केमिस्ट: भाऊ, तुमच्या घाण्यावर आधी तीळ गाळले असतील. ही चाचणी डालडा ओळखतच नाही, तिळाचं तेल ओळखते. आपल्याकडे वनस्पती तुपात, म्हणजे डालड्यात, किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायचा नियम आहे, तो माग काढता यावा म्हणूनच. साखरेचं अ‍ॅसिडमध्ये फरफ्युरालसारखं द्रव्य होतं आणि तिळातल्या घटकाशी मिळून ते लाल रंग देतं.

सूनबाई, आधी दुसरी नळी लावा: तेच तूप, तेच अ‍ॅसिड, साखर नाही. तीही गुलाबी झाली तर दोष रंगाचा किंवा हळदीचा.

फोंड्याची_सून: हळद कुठून येणार, काका?

निवृत्त_केमिस्ट: मिसळणाच्या डब्यातला चमचा तुपात बुडाला की झालं. हळद कडक अ‍ॅसिडात लाल होते. अ‍ॅसिडाइतकंच पाणी घालून हलवा. हळदीची लाली उतरून पिवळं होईल, तिळाची टिकेल. काही कृत्रिम रंगही टिकतात, म्हणून बिनसाखरेची नळी हवीच. पाच मिनिटांत निकाल बघा, उशिरा साखर स्वतःच तपकिरी होते. आणि हे सगळं बाल्कनीत करा, वाफ छातीत जाते.

फोंड्याची_सून: केलं. बिनसाखरेची नळी कोरी, साखरेची गुलाबी, पाणी घालूनही तशीच. पण तूप ज्या बरणीत काढलं, तिच्यात आधी समईचं तिळाचं तेल होतं! सासूबाईंनी नुसती पुसून घेतली होती.

निवृत्त_केमिस्ट: मग पिशवीतलं उरलंसुरलं तूप स्वच्छ चमच्याने घ्या.

फोंड्याची_सून: पिशवीतलं अगदी फिकट गुलाबी आलं. आहे की नाही, यावरून घरात दोन पक्ष पडलेत.

निवृत्त_केमिस्ट: शेजारी घरच्या लोण्याच्या तुपाची नळी ठेवून पांढऱ्या कागदावर बघा. तरी फिकट रंगावर दुकानदाराला चोर म्हणू नका. दुकानातही एकच माप तेलात नि तुपात जात असेल.

मडगावची_माई: आमच्या तुपाला काहीच रंग आला नाही. म्हणजे शुद्ध?

निवृत्त_केमिस्ट: नाही, माई. पामतेल किंवा चरबी मिसळली असेल तर ही नळी कोरीच राहते. त्यासाठी बांबोळीला एफडीएकडे नमुना द्या, ग्राहकालाही शुल्क भरून तपासून घेता येतं.

फोंड्याची_सून: सोमवारी जाते. तोवर नेवऱ्या खोबरेलात तळते.

माडाखालचा: घाणा कुठला?